नुसतं ‘हॅलो’ पाठवून लोक थांबतात का?

समजा, भिवंडीतल्या एका यंत्रमाग कारखानदाराला सुताच्या दहा गोण्या हव्या आहेत. सकाळी 10 वाजता तो व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅप करतो: ‘हॅलो शेठ’. व्यापारी 11 वाजता मेसेज पाहून लिहितो, ‘बोला’. तेव्हा कारखानदार मागांच्या खडखडाटात असतो, फोन वाजलेला ऐकूच येत नाही. तो 12 वाजता गोण्यांचं लिहितो. तोवर त्या बाजूला जाणारा टेम्पो निघून गेलेला असतो.

मग कामाची गोष्ट त्याने आधीच का नाही लिहिली?

याचं उत्तर मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांच्या 1923 सालच्या एका निबंधात सापडतं. काही बोलणं माहिती देण्यासाठी नसतं, ते माणसांमधलं नातं जपण्यासाठी असतं, असं त्यांनी मांडलं. अशा बोलण्याला ‘फॅटिक’ म्हणतात. आपलं ‘काय, जेवलात का?’ हे त्यातलंच. विचारणाऱ्याला ताटातल्या भाजीची चौकशी करायची नसते. ‘आपलं बरं आहे ना’, एवढंच त्याला म्हणायचं असतं.

पुढे 1960 मध्ये भाषाशास्त्रज्ञ रोमन याकॉब्सन यांनी याची आणखी एक बाजू दाखवली. समोरचा ऐकतोय का, लाइन चालू आहे का, हे तपासणं हेही फॅटिक बोलण्याचं काम आहे. फोनवरचं ‘हॅलो, आवाज येतोय का?’ हे त्याचं सोपं उदाहरण.

म्हणजे ‘हॅलो शेठ’ एकदम दोन कामं करतं: मान देतं आणि समोरचा आहे का ते पाहतं. दुकानात समोरासमोर हे दोन सेकंदांत उरकतं. शेठ मान वर करून ‘या, बसा’ म्हणतात आणि बोलणं सुरू होतं. चॅटवर मात्र दोघे एकाच वेळी हजर असतीलच असं नाही. त्यामुळे दोन सेकंदांची देवाणघेवाण दोन तास खाते. शिवाय वाचणाऱ्याला प्रश्न पडतो: काम आहे, उसने पैसे हवेत, की काही वाईट बातमी?

मेसेज पोहोचला का, हे चॅटवर टिकच्या खुणा सांगतात. त्यामुळे ‘हॅलो’चं तपासण्याचं काम तिथे फारसं उरत नाही. मान देण्याचं काम मात्र टिक करू शकत नाही. ‘10 गोण्या पाठवा’ एवढंच लिहिलं तर ते हुकमासारखं वाटतं.

म्हणून दोन्ही एकाच मेसेजमध्ये लिहावं: ‘नमस्कार शेठ, बरे आहात ना? सुताच्या 10 गोण्या हव्या होत्या. आजच्या टेम्पोने जमेल का?’ शेठ 11 वाजता वाचतील तेव्हा थेट ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवतील.

विषय नाजूक असेल तर तो सगळा लिहिणं अवघड असतं. तेव्हाही ‘थोडं खासगी बोलायचं आहे, घाई नाही, वेळ मिळाला की फोन करा’ एवढं लिहिता येतं. समोरच्याच्या जिवाला घोर लागत नाही.