जर्मनीतला पहिला महिना आणि पाठ करून न्यायची वाक्यं

2024 साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कामांसाठी जर्मन शिकू लागलेली मुलं-मुली आपल्या लहान शहरांतही भेटतात. क्लासमध्ये त्यांना व्याकरण चांगलं शिकवलं जातं. पण तिथे उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात घरमालक, सरकारी कार्यालय आणि बँक या तिघांशी जे बोलावं लागतं, त्याची वाक्यं वेगळी काढून पाठ केलेली असली तर फार फरक पडतो. या तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत, आणि त्यातली पहिली कडी म्हणजे घर.

जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीला 'आनमेल्डुंग' म्हणतात. ती करायची तर घरमालकाने सही केलेला एक कागद लागतो: ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या घरात राहते, असं सांगणारा. नुसता भाडेकरार दाखवून काम होत नाही. काही लोक खोली भाड्याने देतात, पण हा कागद द्यायला तयार नसतात, कारण ती खोली त्यांनी परस्परच पोटभाड्याने दिलेली असते. म्हणून घर बघताना भाड्याच्याही आधी विचारायचं: 'इस्ट दी आनमेल्डुंग म्योग्लिश?' म्हणजे, इथे पत्त्याची नोंदणी करता येईल ना? उत्तर 'नाइन' असेल किंवा समोरचा विषय टाळत असेल, तर खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

(उच्चार देवनागरीत अंदाजानेच लिहिता येतात. 'इश', 'म्योग्लिश' यांतले आवाज शिक्षकाकडून किंवा रेकॉर्डिंगवरून एकदा नीट ऐकून घ्या.)

भाड्याचे दोन आकडे असतात, हे माहीत नसलं की हिशेब चुकतो. 'काल्टमीटं' म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची स्वच्छता असा खर्च मिळवला की होते 'वार्ममीटं'. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरात असू शकतो, पण दरमहा खात्यातून दुसरा जातो. विचारायचं असं: 'वी होख इस्ट दी वार्ममीटं?' आणि लगेच पुढे, 'इस्ट श्ट्रोम डाबाय?' श्ट्रोम म्हणजे वीज. ती बऱ्याचदा वार्ममीटंमध्येही धरलेली नसते, तिचा करार भाडेकरूला वेगळा करावा लागतो.

समजा, सांगलीची एक नर्स श्टुटगार्टजवळ खोली घेते आहे. काल्टमीटं 480 युरो, इतर खर्च 130 युरो, म्हणजे वार्ममीटं 610. अनामत रक्कम, तिकडची 'काउत्सिओन', कायद्याने काल्टमीटंच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही. इथे ती जास्तीत जास्त 1,440 युरो होईल. मालक वार्ममीटंवर तिप्पट धरून 1,830 मागत असेल, तर ते चूक आहे. शिवाय ही रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे आणि पहिला हप्ता भाडं सुरू होताना द्यायचा असतो. म्हणजे सुरुवातीला 610 आणि 480 मिळून 1,090 युरो हाताशी असले की पुरतात. एकदम 2,050 भरावे लागत नाहीत. पहिला पगार व्हायचा असताना हा फरक मोठा आहे. त्यासाठीचं वाक्य: 'कान इश दी काउत्सिओन इन द्राय राटन त्सालन?' मात्र घर न बघता, किल्ली हातात नसताना अनामत पाठवा म्हणणाऱ्याला एक युरोही पाठवू नका. परदेशातून घर शोधणाऱ्यांना फसवण्याची ती नेहमीची रीत आहे.

आता प्रश्न विचारता आला, पण उत्तरातला आकडा कळला पाहिजे. इथे मराठी माणसाला एक सोय आहे. चोपन्नमध्ये आपण चार आधी आणि पन्नास नंतर म्हणतो, जर्मनही तसंच 'फियर-उंड-फ्युन्फझिश' म्हणतात. आकडे इंग्रजीतून न वळवता थेट मराठीतून ऐकायची सवय लावा. वेळेच्या बाबतीत मात्र नेमकी उलट फसगत होते. 'हाल्प आख्ट' ऐकल्यावर आपल्याला साडेआठ वाटतं, पण ते असतं साडेसात. नोंदणीची भेट अशी हुकली तर पुढची तारीख मिळायला मोठ्या शहरात कधीकधी काही आठवडे लागतात. म्हणून प्रत्येक वेळी वही आणि पेन पुढे करून म्हणा, 'क्योनन झी दास बिटं आउफश्रायबन?' कृपया हे लिहून देता का? सगळ्या वाक्यांत मी याला पहिला नंबर देईन. यातलं 'झी' म्हणजे आपलं 'तुम्ही'. मालक, कारकून, बँकेतला माणूस, सगळ्यांशी झीनेच बोलायचं. समोरच्याने सुचवल्याशिवाय 'डू'वर, म्हणजे अरे-तुरेवर यायचं नाही.

कार्यालयात फार बोलावं लागत नाही. 'इश म्योष्टं मिश आनमेल्डन' एवढं सांगून पासपोर्ट आणि मालकाचा कागद पुढे केला की काम सुरू होतं. खरी अडचण घरी परतल्यावर येते. नोंदणीनंतर काही आठवड्यांत तुमचा 11 अंकी कर क्रमांक टपालाने येतो, आणि पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव पाहून पत्र टाकतो. फ्लॅटला नंबर नसणं तिथे नेहमीचं आहे. पेटीवर तुमचं नाव नसेल तर पत्र परत जातं. तो क्रमांक नोकरीच्या ठिकाणी वेळेत पोचला नाही, तर पगारातून चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. म्हणून किल्ली घेतानाच मालकाला म्हणा, 'माइन नामं मुस आउफ देन ब्रीफकास्टन', माझं नाव पत्रपेटीवर लागलं पाहिजे.

बँकेत मागायचं ते 'झिरोकोंटो', पगार जमा होणारं रोजचं खातं. 'इश म्योष्टं आयन झिरोकोंटो एर्योफनन.' त्याला जोडून 'वास कोस्टेट दास इम मोनाट?' हे विचाराच, कारण अनेक बँका खात्यासाठी दरमहा शुल्क घेतात. नवीन माणूस म्हणून बँकेने टाळाटाळ केली तर 'बाझिसकोंटो' हा शब्द वापरा. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला असं मूलभूत खातं मागण्याचा हक्क आहे, आणि बँकेला अर्जावर कामकाजाच्या 10 दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

पत्ता नोंदवला की आणखी एक पत्र येतं, ते रेडिओ-टीव्ही वर्गणीचं. महिना 18.36 युरो. घरात टीव्ही नसला तरी ती भरावी लागते. मात्र ती माणशी नसून घरटी असते. चौघींत एक फ्लॅट असेल आणि एक जण भरत असेल, तर तिचा वर्गणी क्रमांक कळवा, बाकीच्यांना भरावी लागत नाही. पत्र जाहिरात समजून फेकून दिलं, तर थकबाकी दंडासह वाढत राहते.

ही सगळी मिळून दहाही वाक्यं नाहीत. निघण्यापूर्वी घरातल्या कुणाला तरी मालक करून बसवा, त्याला भाड्याचे आणि वेळेचे आकडे जर्मनमध्ये भराभर वाचायला सांगा, आणि तुम्ही ते ऐकून कागदावर उतरवा. आकडे बरोबर उतरेपर्यंत हा सराव सोडू नका.