थट्टेचा शिमगा आणि ॲडमिनची किल्ली

मंडळी, आजचा विषय ऐकून एकाने विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाला व्हॉट्सॲपशी काय देणंघेणं? आहे, कारण आम्ही स्वतः एका ग्रुपचे ॲडमिन आहोत. वसई रोडहून सकाळी चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमधल्या सोबत्यांचा तो ग्रुप. आम्ही निवृत्त झालो, गाडी सुटली, पण ग्रुपची किल्ली आमच्याकडेच राहिली.

डब्यात थट्टा रोजचीच. नायगाव-भाईंदरमधली खाडी ओलांडेपर्यंत एखाद्याची पुरती हजामत झालेली असायची. पण तिथे त्याचा चेहरा समोर असे. तो उतरला की कोणीतरी विषय बदलायचं, आणि अंधेरी आली की निम्मे लोक उतरून जायचे. ग्रुपवर चेहरा नाही आणि स्टेशनही नाही. आपल्याकडे शिमग्याला शिव्या द्यायची मुभा असे, पण तिला तिथी होती. इथे शिमगाही जात नाही आणि कवित्वही साठून राहतं.

आमच्याकडे सुरुवात वाढदिवसापासून झाली. ज्याचा वाढदिवस, त्याची धुलाई. हळूहळू वाढदिवसाची गरज उरली नाही आणि एकच गृहस्थ रोज सापडू लागले. घरी कादोडी बोलणारे. डब्यात ते स्वतःच आपल्या बोलीच्या गमती सांगत, आम्हीही हसलो आहोत. मग एका रात्री कोणीतरी त्यांच्या बोलण्याची नक्कल करून आवाज टाकला, आणि त्याखाली हसण्याची रांग लागली.

थट्टा कुठे बिघडली हे कसं ओळखायचं? ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या चौथ्या भागात विनोदी माणूस आणि विदूषक यांत फरक केला आहे. विदूषकाला हसवायचंच असतं. ज्याच्यावर हसलं जातं त्याला काय वाटेल हे तो मोजत नाही. आम्ही हीच कसोटी लावून मागचे मेसेज चाळले. आधी ते गृहस्थ उलट टोला देत. नंतर नुसता हसरा चेहरा टाकत. मग काहीच नाही. शिवाय थट्टा त्यांच्या करण्यावरून सरकून त्यांच्या असण्यावर आली होती. उशिरा येणं ही करणी झाली, ती उद्या बदलता येते. बोली कशी बदलणार?

इथे आम्ही चूक केली. भर ग्रुपवर लिहिलं, ‘कृपया भाषा सांभाळा.’ पाच मिनिटांत त्या वाक्याचीच टर सुरू झाली, आणि त्या गृहस्थांनी आमच्याकडे तक्रार केली असा सगळ्यांचा समज झाला. त्यांनी तर चकार शब्द काढला नव्हता! दोन दिवसांनी ते ग्रुप सोडून गेले. २०२२ पासून कोणी ग्रुप सोडला की सूचना फक्त ॲडमिनला येते, त्यामुळे बाकीच्यांना पत्ताही नव्हता. थट्टा चालूच होती.

मग क्रम उलटा केला. आधी त्यांना फोन करून विचारलं, काय काय पुसायचं? ते म्हणाले, “सर, विनोद राहू द्या, तो आवाज तेवढा काढा.” हे विचारलं नसतं तर आम्ही सगळंच पुसून टाकलं असतं आणि त्यांना बिचारं ठरवलं असतं. त्या रात्री ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त ॲडमिनने पाठवावेत असं केलं, सकाळपर्यंत. तो आवाज सगळ्यांसाठी डिलीट केला. त्या जागी ॲडमिनने मेसेज काढल्याची नोंद आमच्या नावाने दिसते, आणि ती दिसावीच. मात्र ज्यांनी आधीच तो पुढे पाठवला, त्यांच्याकडून तो परत येत नाही.

नक्कल करणाऱ्याला काढून टाका, असा आग्रह झाला. आम्ही काढलं नाही. काढला असता तर त्याने दुसरा ग्रुप काढला असता, आणि तिथे आम्ही नसतो. त्याला संध्याकाळी स्टेशनबाहेर चहाला बोलावलं. तो म्हणाला, “पण ते स्वतःच हसायचे ना!” स्वतःवर हसायची मुभा ज्याची त्याची असते, ती त्याच्या वतीने दुसऱ्याला वापरता येत नाही. हे त्याला पटायला दोन चहा लागले.

कायद्याचं विचाराल तर, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं, की समान हेतू दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुराचा गुन्हा केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याच्यावर लादता येत नाही. ॲडमिनच्या हाती सदस्य घेणं आणि काढणं, एवढंच मुख्यतः असतं, हा त्यामागचा एक मुद्दा. पुढच्याच वर्षी दुसऱ्याचा मेसेज पुसायची सोय ॲडमिनला मिळाली. मजकूर आधी तपासता येत नाही, हे आजही खरं. पण ‘आमच्या हातात काय होतं?’ असं आम्हाला आता म्हणता येत नाही.

ते गृहस्थ ग्रुपवर परतलेले नाहीत. डब्यात मात्र त्याच खिडकीशी बसतात म्हणे, आणि नक्कल करणारा त्यांच्यासाठी जागा धरतो.