सरांसाठी राखलेली दोन पाने

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाला शंभर वर्षे पूर्ण होत होती आणि स्मरणिकेची प्रस्तावना सरांनीच लिहावी यावर समितीत दुमत नव्हते. सर मराठीचे निवृत्त प्राध्यापक, वय शहाऐंशी, शाळकरी वयात याच वाचनालयाच्या बाकावर बसून वाचलेले. प्रश्न होता तो त्यांना मुदत आणि शब्दमर्यादा कशी सांगायची याचा. एका सदस्याने मसुदा करून आणला होता. ‘आपली प्रस्तावना जास्तीत जास्त ७०० शब्दांत, दि. ५ नोव्हेंबरपर्यंत न चुकता पाठवावी.’ जाहिरातदाराला असे पत्र गेले तर चालते, सरांना चालत नाही. पण संकोचाने दोन्ही गोष्टी गाळल्या तर त्याहून वाईट. मग मजकूर पंधरा पाने येतो, तोही समारंभाच्या आठवड्यात, आणि त्याला कात्री लावण्याची पाळी संपादकावर येते. वडीलधाऱ्यांचा खरा अवमान तिथे होतो. मराठीत प्रस्तावना लांबण्याला मोठी परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ला लिहिलेल्या प्रस्तावना आजही स्वतंत्रपणे वाचल्या जातात. सरांची पिढी त्याच वळणाची.

म्हणून आधी आकडे नक्की केले, पत्र नंतर. स्मरणिका क्राउन १/४ आकाराची, म्हणजे दिवाळी अंकाएवढी, आणि छपाई आठ-आठ पानांच्या फॉर्ममध्ये. पहिल्या फॉर्मचे एक पान शीर्षकाचे, दुसरे प्रकाशनाच्या तपशिलाचे, तिसरे अनुक्रमणिकेचे. चार आणि पाच ही समोरासमोरची पाने प्रस्तावनेसाठी ठेवली. सहा-सातवर अध्यक्षांचे मनोगत आणि संपादकीय, आठवर जुन्या इमारतीचे छायाचित्र. आमच्या टाइपात पूर्ण पानावर साधारण चारशे शब्द बसत होते. मथळा आणि सरांचा फोटो यांची जागा वजा केली की दोन पानांत सातशे. प्रस्तावना सहाव्या पानावर गेली की पुढचे सगळे सरकते, छायाचित्र फॉर्मबाहेर पडते आणि अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे बदलतात. सातशे हा आकडा असा आला होता, आणि तो कसा आला हे सांगता येत असेल तर मर्यादा सांगायला जड जात नाही.

तारीखही अशीच उलटी मोजत आणली. प्रकाशन १४ डिसेंबरला, रविवारी. बांधणी आणि मुखपृष्ठ धरून अंक ११ला हातात हवा होता. छापखान्याने छपाईला दहा दिवस मागितले, म्हणजे १ डिसेंबरला सगळे फॉर्म मशीनवर जायला हवेत. त्याआधी हस्तलिखिताचे टंकन, पहिले प्रूफ, मग सरांना दाखवायचे प्रूफ आणि त्यांच्या दुरुस्त्या. सरांचे अक्षर डीटीपी करणाऱ्या मुलीला नवे, त्यामुळे एक फेरी जास्तीची धरली. अशी तारीख १० नोव्हेंबरवर आली, म्हणजे मसुद्यातल्यापेक्षा पाच दिवस पुढे. ऑक्टोबरअखेरची तारीख मुद्दाम टाळली, कारण दिवाळीत त्यांच्याकडे पाहुणे असतात. पत्र सप्टेंबरच्या सुरुवातीला द्यायचे ठरले. तोवर दिवाळी अंकांचे लेखन त्यांच्या हातावेगळे झालेले असते, आणि दोन महिने हाताशी राहतात.

आधी फोन केला. सूनबाईंनी उचलला. त्यांच्याकडून कळले की मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, सर सकाळीच दोन तास लिहितात आणि अजून फुलस्केपवर, शाईच्या पेनाने. वाचनालयाच्या दप्तरात सरांची जुनी पत्रे होती. त्यातले एक काढून ओळी मोजल्या. पानाला सत्तावीस ओळी, ओळीला सरासरी आठ शब्द. म्हणजे सातशे शब्द त्यांच्या हाताने सव्वातीन पाने. हाताने लिहिणाऱ्या माणसाला शब्दसंख्या सांगून काही उपयोग नसतो, त्याला पाने कळतात.

मग समक्ष गेलो. अध्यक्ष आणि मी, दोघेच. विनंती तोंडी केली, सरांनी ‘बघू’ म्हटले, आणि निघताना पत्र हातात दिले. त्यातला कामाचा भाग असा होता:

‘आदरणीय सर, सा. न. वि. वि. वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेस आपली प्रस्तावना लाभावी अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. अंकाच्या आरंभीची समोरासमोरची दोन पाने आपल्यासाठी राखली आहेत. त्यांत सुमारे सातशे शब्द, म्हणजे आपल्या हस्ताक्षरातील सव्वातीन फुलस्केप पाने मावतात. मजकूर १० नोव्हेंबरपर्यंत मिळाल्यास छपाईपूर्वी त्याचे प्रूफ आपल्या नजरेखालून घालता येईल. मजकुरात आपल्या संमतीशिवाय कोणताही बदल होणार नाही. लिहिण्याचा त्रास होणार असेल तर आपण सांगावे, आम्ही येऊन उतरवून घेऊ. प्रकृतीमुळे शक्य नसल्यास निःसंकोच कळवावे, आमच्या मनात किंतु राहणार नाही. दहा-बारा दिवसांनी आपल्या सोयीने फोन करतो. कळावे, लोभ असावा, ही विनंती.’

मुदत इथे प्रूफाच्या आधाराने येते. ज्येष्ठ लेखकाला आपल्या नावाखाली चुकीचे छापून येण्याची धास्ती असते, आणि प्रूफ मिळणार म्हटल्यावर तारीख त्यांची स्वतःची होते. नकाराची वाट मोकळी ठेवली तीही मनापासून. आजारी माणसाकडून भिडेने घेतलेला होकार शेवटी दोघांनाही अडचणीत आणतो.

पत्रासोबत कच्ची अनुक्रमणिका, तयार झालेले तीन लेख आणि वाचनालयाच्या इतिहासाचे एक पान दिले, सगळे सोळा पॉइंटात. हे दिले नाही तर प्रस्तावना शुभेच्छासंदेशासारखी होते: वाचनाचे महत्त्व, संस्थेचे योगदान, पुढील वाटचालीस सदिच्छा. लेख हाताशी असले की लेखक त्यांच्याशी बोलतो.

सरांचा होकार आठवड्यात आला आणि मजकूर ८ नोव्हेंबरला. मोजला तर साडेनऊशे शब्द. पहिला भाग वाचनालयाच्या स्थापनेचा, संस्थापकांच्या नावांसह. मधला १९५०च्या सुमारास असलेल्या ग्रंथपालांचा. हे ग्रंथपाल मुलाने पुस्तक परत केले की त्यातला एखादा प्रसंग विचारत, आणि उत्तर आले तरच पुढचे पुस्तक देत. शेवटचा भाग आमच्या तीन लेखांवर. समितीतल्या काहींना ग्रंथपालांचा परिच्छेद काढावासा वाटत होता, कारण संस्थापकांची नावे गाळली तर त्यांच्या घरचे नाराज होतील. मला ते पटत नव्हते, पण निर्णय आमचा नव्हताच. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांकडे गेलो आणि अडीचशे शब्द जास्त होत आहेत एवढेच सांगितले. काय काढावे हे सुचवले नाही, फक्त पहिल्या फॉर्मची जुळणी दाखवली. त्यांनी पाने उलटली आणि विचारले, “स्थापनेचा इतिहास स्वतंत्र लेखात आला आहे ना?” आला होता, बाराव्या पानावर, सगळ्या नावांसह. “मग माझा पहिला भाग काढा. ग्रंथपालांबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही.” पेन घेऊन त्यांनी स्वतः सव्वा पान आडवे खोडले, दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला एक नवे वाक्य जोडले आणि समासात सही केली.

उरलेले शब्द सातशे पाच झाले. जुळणीत पाचव्या पानाखाली दोन ओळींची जागा राहिली, तिथे सरांचे नाव आणि तारीख बसली. प्रूफ मोठ्या टाइपात काढून २० नोव्हेंबरला पाठवले. ते तीन दुरुस्त्यांसह परत आले. त्यांतली एक ग्रंथपालांच्या नावाच्या आद्याक्षरांची होती, जी आमच्या दप्तरातही चुकीची होती. ती दप्तरातही दुरुस्त केली, आणि मग फॉर्म मशीनवर गेला.