आकृती हरवली, नंबर सापडला

समजा, रात्री शाळेच्या ग्रुपवर एक प्रश्न येऊन पडलाय. «शेजारील आकृतीतील डोळ्याच्या स्पष्ट दृष्टीची मर्यादा 50 सेमी आहे. दृष्टिदोष ओळखा आणि तो दूर करणाऱ्या भिंगाची शक्ती काढा.» खाली आकृतीचा फोटो असायला हवा, पण तिथे नुसता राखाडी चौकोन आहे. पाठवणाऱ्याच्या फोनमधूनही तो पुसला गेलाय. सकाळी वही दाखवायची आहे. आता?

आधी त्या फोटोत काय असणार ते आठवू या. डावीकडून येणारे दोन किरण, डोळ्यातलं भिंग, मागे दृष्टिपटल. किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र आले असतील तर निकटदृष्टिता, म्हणजे जवळचं छान दिसतं आणि लांबचं अंधुक. ते दृष्टिपटलाच्या पलीकडे एकत्र येताना दाखवले असतील तर दूरदृष्टिता, म्हणजे लांबचं ठीक आणि जवळचं अंधुक. किरण कुठे एकत्र येतात, एवढीच एक गोष्ट त्या चित्रात आपल्या कामाची होती. बाकी सगळं आपल्याला पाठच आहे.

पण तीच नेमकी हरवली आहे, आणि 50 सेमी हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. ‘50 सेमीच्या पलीकडचं दिसत नाही’ असा त्याचा अर्थ असू शकतो, किंवा ‘50 सेमीच्या अलीकडचं दिसत नाही’ असाही. पहिल्या माणसाला रस्त्यावरून येणाऱ्या बसची पाटी वाचता येत नाही. दुसरा ती पाटी लांबूनच वाचतो, पण हातातलं तिकीट वाचायला हात लांब करतो. दोघांचे चष्मे एकमेकांच्या अगदी उलट.

आता गंमत बघा. किरणांची आकृती न काढताही ही गणितं सुटतात, आणि माझ्या मते जास्त चांगली कळतात. त्यासाठी वस्तूवरून निघालेल्या प्रकाशाकडे नीट बघायला हवं. कुठल्याही बिंदूवरून निघालेले किरण पुढे जाता जाता फाकत जातात. वस्तू डोळ्याच्या अगदी जवळ असेल तर ते खूप फाकलेले असतानाच डोळ्यात शिरतात. वस्तू खूप लांब असेल तर डोळ्यात शिरणारे किरण जवळजवळ समांतर असतात. ही फाक मोजायची रीत सोपी आहे. 100 ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागायचं. वस्तू 1 मीटरवर असेल तर फाक 1. 50 सेमीवर असेल तर 2. पुस्तक 25 सेमीवर धरलं तर 4. आणि क्षितिजावरच्या डोंगराची फाक शून्य. या मापाचं एकक म्हणजेच डायॉप्टर. हे नाव 1872 साली फर्दिनाँ मोनोये या फ्रेंच नेत्रवैद्याने सुचवलं. चष्म्याच्या दुकानात ज्याला नंबर म्हणतात, तो याच डायॉप्टरमध्ये मोजलेला असतो.

निरोगी डोळा शून्यापासून 4 पर्यंतची फाक आरामात पेलतो. लांबचं बघताना आतलं भिंग चपटं असतं, जवळचं बघताना ते फुगतं, आणि प्रत्येक वेळी किरण बरोबर दृष्टिपटलावर एकत्र येतात. (तुमच्या वयात तर 4 च्याही बरंच पुढे जाता येतं. म्हणूनच लहान मुलं पुस्तक अगदी जवळ धरूनही वाचू शकतात.) दृष्टिदोष म्हणजे या पल्ल्याचं एक टोक तुटणं.

आता आपला पहिला माणूस घ्या, 50 सेमीच्या पलीकडचं न दिसणारा. त्याच्या डोळ्याला निदान 2 फाक असलेलाच प्रकाश चालतो. त्याहून कमी फाकलेले किरण त्याचा डोळा वेळेआधीच एकत्र आणतो. पण डोंगरावरून येणारा प्रकाश तर शून्य फाकीचा. म्हणून डोळ्यात शिरण्याआधी कुणीतरी त्या किरणांना 2 ने फाकवायला हवं. किरण फाकवतं अंतर्वक्र भिंग, आणि त्याची शक्ती ऋण लिहितात. उत्तर −2 डायॉप्टर.

दुसऱ्या माणसाचं उलट. त्याच्या डोळ्याला जास्तीत जास्त 2 फाक झेपते. 25 सेमीवरच्या पुस्तकाचे किरण मात्र 4 फाक घेऊन येतात. ही जास्तीची 2 फाक कुणीतरी आधीच काढून घ्यायला हवी. ते काम बहिर्वक्र भिंगाचं. उत्तर +2 डायॉप्टर.

दोन्ही वेळा आपण एकच वजाबाकी केली. वस्तूकडून आलेली फाक लिहायची आणि तिच्यातून डोळ्याला झेपणारी फाक वजा करायची. पहिल्याचं 0 − 2 = −2, दुसऱ्याचं 4 − 2 = +2. चिन्ह आपोआप येतं, पाठ करावं लागत नाही. पुस्तकातलं सूत्र लावूनही ताळा करून बघा:

1/f = 1/v − 1/u

दुसऱ्या माणसासाठी पुस्तक u = −0.25 मीटरवर आहे, आणि भिंगाने त्याची प्रतिमा v = −0.5 मीटरवर दाखवायची आहे. मग 1/f = −2 + 4 = +2. तेच उत्तर.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. 50 सेमीला दोन्ही उत्तरांत आकडा 2 च आला, म्हणून वाटतं की 100 भागिले 50 केलं की झालं, मग चिन्ह बघून घेऊ. पण हा फक्त 50 चा योगायोग आहे. मर्यादा 1 मीटर असती तर पहिल्या माणसाचं उत्तर 0 − 1, म्हणजे −1 आलं असतं. दुसऱ्याचं 4 − 1, म्हणजे +3. दोघांचा आकडाही वेगळा! दूरदृष्टितेच्या गणितात 25 सेमीवरचं पुस्तक हा दुसरा आकडा प्रश्नात लिहिलेला नसला तरी गृहीत असतोच. तो विसरलात की उत्तर चुकलं. आणि ताळाही लगेच करता येतो. मर्यादा 25 सेमीच असेल, तर जवळच्या चष्म्याची गरजच नाही, उत्तर शून्य यायला हवं. 4 − 4 = 0 येतं. 100 भागिले 25 मात्र 4 देतं, म्हणजे निरोगी डोळ्यालाही जाड चष्मा!

हरवलेल्या आकृतीबद्दल फार हळहळू नका, कारण एका बाबतीत ती फसवतेच. चित्रात किरण दृष्टिपटलाच्या चांगले अंगठाभर अलीकडे एकत्र येताना दाखवतात. खरा डोळा समोरून मागे सुमारे 24 मिलिमीटर लांब असतो. निकटदृष्टिता बहुतेक वेळा नेत्रगोल जरा जास्त लांब झाल्यामुळे येते, आणि −2 नंबर लागायला ही जास्तीची लांबी एक मिलिमीटरही लागत नाही! तेवढ्याने फळ्यावरची अक्षरं विरघळून जातात.

प्रश्नातला दोष शब्दांतून ओळखायचा असेल, तर वाक्यात ‘फळा’, ‘पाटी’, ‘पलीकडचे’ असं काही आहे का बघा. ‘वर्तमानपत्र’, ‘सुईत दोरा’, ‘अलीकडचे’ असेल तर दुसरी बाजू. वयही सांगतं. चाळिशीपुढचा माणूस आणि जवळचं दिसत नाही, तर ती वृद्धदृष्टिता असण्याची शक्यता जास्त. तिच्यात नेत्रगोल आखूड नसतो. डोळ्यातलं भिंगच पूर्वीसारखं फुगत नाही. म्हणून आकृती नसताना ‘जवळचं 50 सेमीच्या अलीकडे दिसत नाही’ एवढ्यावरून शक्ती +2 काढता येते, पण दोष दूरदृष्टिता की वृद्धदृष्टिता, हे ठरवता येत नाही.

हे सगळं घरच्या चष्म्यांवर करून बघा. ज्याचा चष्मा त्याला विचारून घ्या आणि काचेला बोट लावू नका. चष्मा डोळ्यापासून वीतभर लांब धरा आणि एका काचेतून खिडकीची उभी कड बघा. आता चष्मा हळूच उजवीकडे सरकवा. काचेतली कडही उजवीकडे, चष्म्याबरोबर सरकली, तर नंबर ऋण. ती उलट डावीकडे पळाली, तर नंबर धन. आजोबांच्या चाळिशीत ती उलटी पळताना बघायला फार मजा येते. नंबर जितका मोठा, तितकी ती वेगाने सरकते. साध्या काचेत ती जागची हलत नाही.

धन नंबर तर मोजताही येतो. दिवसा, खोलीतले दिवे घालवून, खिडकीच्या समोरच्या भिंतीजवळ पांढरा कागद धरा. कागद आणि खिडकी यांच्यामध्ये चष्मा धरून मागेपुढे करा. एका ठिकाणी बाहेरचं लांबचं झाड कागदावर उलटं आणि रेखीव उमटेल. काच ते कागद अंतर 50 सेमी भरलं, तर 100 भागिले 50, नंबर +2. (चष्म्याच्या काचेतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, आणि त्याचा झोत कागदावर पाडायचा नाही.) ऋण काच अशी प्रतिमा पाडतच नाही, तिथे ही युक्ती चालत नाही. पण +2 ची काच −2 च्या काचेला चिकटून धरा आणि खिडकीची कड बघा. कड हलायची थांबते. दोन्ही नंबरांची बेरीज शून्य झाली!

हा हिशोब वहीतल्या गणितापुरता पक्का आहे, चष्मा करून घेण्यापुरता नाही. तपासणीत डॉक्टर 6 मीटरवरचा तक्ता वाचायला लावतात. त्या अंतराला फाक 0.17 च उरते, म्हणून ती शून्य धरली तर चालते. चष्मा डोळ्यापासून एक-दीड सेंटिमीटर पुढे बसतो, हे आपण सोडून दिलं. मोठ्या नंबरात ते सोडून चालत नाही. वाचायचा चष्मा देताना डोळ्याची सगळी ताकद वापरून टाकत नाहीत, थोडी राखून ठेवतात, म्हणून खरा नंबर आपल्या उत्तराहून थोडा जास्त निघू शकतो. आणि काचेला आडव्या-उभ्या दिशेत वेगवेगळी वक्रता लागत असेल, तर ते 50 सेमी या एका आकड्यातून कळायला मार्गच नाही.

म्हणून ग्रुपवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना एकच बाजू अंदाजाने धरू नका. ‘50 सेमी ही लांबची मर्यादा असेल तर निकटदृष्टिता, अंतर्वक्र भिंग, −2 डायॉप्टर. जवळची मर्यादा असेल तर दूरदृष्टिता किंवा वृद्धदृष्टिता, बहिर्वक्र भिंग, +2 डायॉप्टर’, अशी दोन्ही उत्तरं वजाबाकीसकट लिहा आणि आकृती मिळाली नव्हती हेही लिहा. आणि तुम्हाला स्वतःलाच फळा अंधुक दिसत असेल, तर वहीत गणित न करता घरी सांगा आणि डोळे तपासून घ्या.