ज्या रुग्णाला घरी सोडलं

अमेरिकेत रेसिडेन्सीचं, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचं, वर्ष ३० जूनला संपतं आणि १ जुलैला नवं सुरू होतं. मनोविकारशास्त्राची रेसिडेन्सी चार वर्षांची. ती पुरी करणाऱ्यांचे निरोप समारंभ जूनमध्ये जागोजागी होतात. माझी भाची पुण्यात एमबीबीएस करून तिकडे गेली होती, तिच्या समारंभाला मी पाहुणा म्हणून गेलो. आईवडील, नवरे, बायका, कडेवरची पोरं असा सगळा गोतावळा जमला होता. जेवणाआधी विभागप्रमुख बाई बोलायला उभ्या राहिल्या. अभिनंदनाची दोन वाक्यं झाली आणि त्या म्हणाल्या, की तुमच्यापैकी साधारण निम्म्या जणांना कधी ना कधी आपल्या रुग्णाच्या आत्महत्येचा फोन येईल. काहींना तो इथेच येऊन गेला आहे.

शुभप्रसंगी हे कशाला, असं मला वाटलं. नंतर शोधून पाहिलं तर आकडा खराच होता. १९८८ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात ५१ टक्के तज्ज्ञांनी असा अनुभव सांगितला होता. २००० साली स्कॉटलंडमधल्या वरिष्ठ मनोविकारतज्ज्ञांना विचारलं तेव्हा प्रमाण ६८ टक्के निघालं. म्हणजे या धंद्यात हा अपघात नाही, नोकरीचाच भाग आहे. हृदयरोगतज्ज्ञांचेही रुग्ण दगावतात, पण तिथे हृदय बंद पडलं असं म्हणता येतं. इथे रुग्णानं स्वतः काहीतरी केलेलं असतं, आणि तो ते करेल का हे ठरवणं हेच तर डॉक्टरचं काम होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, की दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून हे लोक खचत असतील. बाईंच्या मते ऐकणं हा त्यातला हलका भाग. ते शिकता येतं, त्याची सवय होते, कित्येकांना त्यात समाधानही मिळतं. जड असतो तो घरी सोडण्याचा निर्णय. वॉर्डात खाटा मोजक्या असतात आणि कायदा कोणाला उगाच अडकवून ठेवू देत नाही. शिवाय माणूस बरा होतो तो शेवटी आपल्या घरात, आपल्या कामावर. म्हणून प्रत्येकाला कधीतरी सोडावंच लागतं. आत्महत्येचा धोका सर्वांत जास्त असतो तोही नेमका सुटी मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत.

त्यांनी एक उदाहरण सांगितलं, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. पंचावन्नच्या आसपासचा माणूस, तीव्र नैराश्य, वॉर्डात दोन आठवडे. औषध लागू पडलं, झोप परतली, जेवण वाढलं, मुलीशी फोनवर हसून बोलू लागला. सुटीच्या दिवशी शिकाऊ डॉक्टरनं त्याला सरळ विचारलं, मरणाचे विचार येतात का? तो नाही म्हणाला. पुढची भेट ठरवताना मात्र त्यानं एक आठवडा उशिराची तारीख मागितली. घराचं रंगकाम अर्धवट पडलंय, ते आधी उरकतो म्हणाला. डॉक्टरनं केसपेपरवर लिहिलं, ‘पुढचे बेत आखतो आहे’, आणि धोका कमी असल्याची नोंद केली. त्या आठवड्याच्या आतच तो गेला.

त्यानंतर त्या डॉक्टरनं ती नोंद किती वेळा वाचली असेल कोण जाणे. रंगकामाचं वाक्य आता वेगळंच बोलू लागलं होतं. हा बेत नव्हता, ही आवराआवर होती. त्याला डॉक्टरची भेट टाळायची होती. त्याचं हसणंही मग संशयास्पद वाटू लागलं, की सुटका ठरवल्यामुळेच तो हलका झाला असेल. शेवट कळला की आधीची प्रत्येक गोष्ट त्याच्याकडे बोट दाखवते, आणि माणसाला वाटतं की हे तर समोरच होतं. पण त्याच महिन्यात घराची अर्धवट कामं सांगत आणखी दहाजण घरी गेले असतील, आणि त्यांनी भिंती रंगवल्याही असतील. त्यांच्या नोंदी पुन्हा कोणी उघडत नाही.

हे केवळ सांत्वन नाही, त्याला हिशेब आहे. ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले ॲलेक्स पोकोर्नी यांनी १९८३ साली एक मोठा अभ्यास छापला. मनोविकार विभागात दाखल झालेल्या ४,८०० जणांची त्यांनी कसून तपासणी केली होती. धोक्याच्या सर्व ज्ञात खुणा वापरून त्यातले ८०३ जण ‘अधिक धोका’ या गटात काढले आणि पुढची काही वर्षं सगळ्यांचा माग ठेवला. एकूण ६७ जणांनी आत्महत्या केली. त्यातले ३० धोक्याच्या गटातले होते. उरलेले ३७, म्हणजे निम्म्याहून जास्त, ज्यांची फारशी काळजी वाटली नव्हती त्यांच्यातले. समजा त्या ८०३ जणांना कुलूप लावून ठेवलं असतं, तर ७७३ लोक विनाकारण कोंडले गेले असते आणि तरीही हे ३७ गेलेच असते. २०१७ साली अमेरिकेत पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हाही भाकिताची ताकद नाणेफेकीपेक्षा जेमतेमच बरी निघाली.

अर्थात हा हिशेब ज्याला फोन आलेला आहे त्याला पहिल्या दिवशी सांगून काही उपयोग नसतो. बाईंनी ते स्पष्टच म्हटलं. पहिल्या दिवशी त्याला हवं असतं ते सोपं: बातमी ईमेलनं न कळता माणसाकडून कळणं, त्या दिवसाची ओपीडी दुसऱ्या कोणीतरी उचलणं, आणि ज्याचा स्वतःचा रुग्ण असाच गेला आहे असा एखादा वरिष्ठ शेजारी येऊन बसणं. स्कॉटलंडच्या पाहणीतही डॉक्टरांनी सर्वांत मोठा आधार म्हणून सहकारी आणि घरच्यांचीच नावं घेतली होती. त्या डॉक्टरांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्शाला नंतर उदासी, चिडचिड, झोपेच्या तक्रारी झाल्या होत्या आणि १५ टक्क्यांच्या मनात लवकर निवृत्ती घेण्याचा विचार आला होता. हे वरिष्ठ डॉक्टर होते, शिकाऊ नव्हेत.

पहिल्याच दिवशी सांगावी लागणारी आणखी एक गोष्ट म्हणजे केसपेपरला हात लावायचा नाही. आठवलेलं काही लिहायचंच असेल तर आजची तारीख-वेळ घालून वेगळी नोंद करायची. जुन्या नोंदीत एक शब्द सारखा करावा असा मोह भल्याभल्यांना होतो. संगणकावर प्रत्येक फेरफाराची वेळ उमटते, आणि निष्काळजीपणा नसतानाही मग लपवाछपवीचा संशय येतो.

कुटुंबाला भेटायचं की नाही, यावर बाई बराच वेळ बोलल्या. रुग्णालयाचे वकील बहुधा गप्प राहायला सांगतात. बाईंचं मत उलट होतं: वरिष्ठाला सोबत घेऊन भेटा, जमलं तर अंत्यविधीलाही जा, अर्थात घरच्यांची हरकत नसेल तर. रुग्णानं विश्वासानं सांगितलेलं मात्र त्याच्या मरणानंतरही गुप्तच राहतं, तेव्हा बोलण्यापेक्षा ऐकायची तयारी ठेवा. बायको चिडेल, मुलगी विचारेल की तुम्ही सोडलंतच कशाला. मला वाटतं, या प्रश्नासमोर उभं राहणं हे चार वर्षांत कुठल्याच पुस्तकातून शिकता येत नसणार.

यथावकाश विभागात बैठक होते. काय घडलं, यंत्रणेत कुठे फट होती याची चर्चा होते. ती लगेच घेतली तर शिकाऊ डॉक्टर आरोपीसारखा बसतो आणि ‘माझंच चुकलं’ म्हणून मोकळा होतो. मग पुढच्या भेटीची तारीख सुटीनंतर इतकी लांब कशी दिली गेली, मुलीला सुटीच्या दिवशी बोलावलं का नाही, हे प्रश्न तसेच राहतात. आपल्याकडे एमडीची तीन वर्षं ओपीडीच्या रांगेत निघून जातात. तिथे अशी बैठक आणि आधी सांगितलेली सोबत हे सगळं बहुतेक विभागप्रमुखाच्या स्वभावावर अवलंबून असतं.

खरा धोका काही महिन्यांनी दिसतो, आणि तो डॉक्टरच्या चेहऱ्यावर नाही, कामात दिसतो. एखादा डॉक्टर किरकोळ शंका आली तरी रुग्णाला दाखल करू लागतो. दुसरा उलट टोकाला जातो. मरणाचा प्रश्न तो घाईघाईनं, उत्तर ‘नाही’ यावं अशाच सुरात विचारतो. तिसरा नैराश्याचे अवघड रुग्ण हळूच सहकाऱ्याकडे सरकवतो. कित्येकांना तर गेलेल्या रुग्णाचा राग येत असतो, आणि त्या रागाची इतकी लाज वाटते की तो कुणाजवळ निघत नाही. रेसिडेन्सीत दर आठवड्याला एका वरिष्ठासोबत तासभर बसण्याची पद्धत असते, तिथे हे पकडलं जातं. १ जुलैपासून या मंडळींना तो तास आयता मिळणार नव्हता. तो स्वतः ठरवून, गरज पडली तर पैसे देऊन चालू ठेवा, असं बाई म्हणाल्या.

भाकीत जमत नाही म्हणजे काहीच करता येत नाही, असं मात्र नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे जेरोम मोटो यांनी, सुटीनंतर उपचार चालू ठेवायला नकार दिलेल्या ८४३ जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला अधूनमधून छोटीशी पत्रं जात राहिली: कसे आहात, वाटलं तर कळवा. तपासणीची अट नाही, उत्तराची अपेक्षा नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळणाऱ्यांत आत्महत्या कमी झाल्या, पुढे तो फरक विरत गेला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसह पाच देशांतल्या केंद्रांत, आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्यांशी असाच फोन-भेटींचा संपर्क दीड वर्ष ठेवून पाहिला. संपर्क ठेवलेल्यांत आत्महत्येनं ०.२ टक्के मृत्यू झाले, इतरांत २.२ टक्के. कोण जाणार हे ओळखावं न लागता सगळ्यांनाच धरून ठेवणारा हा उपाय. (आपल्याकडे टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं.)

शेवटी त्यांनी एक काम दिलं. वर्ष संपतं तेव्हा प्रत्येक शिकाऊ डॉक्टरचे ओपीडीतले रुग्ण नव्या डॉक्टरकडे जातात. ज्यांना आधीच सगळे सोडून जातात असं वाटतं, त्यांच्यासाठी जून महिना वाईट. बाईंनी विचारलं, तुमच्या यादीतल्या ज्या नावांची तुम्हाला धास्ती वाटते, त्यांच्याबद्दल नव्या डॉक्टरशी तोंडी बोलणं झालं आहे का? फक्त संगणकावर नोंद करून भागवलं असेल त्यांनी हात वर करा. चार-पाच हात वर गेले, त्यात भाचीचाही होता. जेवण वाढायच्या आत फोन उरका, असं त्यांना सांगण्यात आलं, आणि आम्ही पाहुणे वीस-पंचवीस मिनिटं ताटकळत बसलो.