गोटी सोड्याच्या बाटलीचे वय कसे ओळखावे?

लखनौच्या नखास भागात रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात काचेच्या जुन्या बाटल्याही विक्रीस येतात. समजा, गोटी असलेली सोड्याची बाटली १८५७ मधील रेसिडेन्सीच्या वेढ्याच्या काळातील आहे, असे विक्रेत्याने सांगितले. हा दावा बाटलीच्या रचनेवरूनच खोटा ठरतो.

इंग्रज अभियंता हायरम कॉड यांनी अशा बाटलीची पेटंटे १८७० ते १८७२ या काळात घेतली. या बाटलीच्या तोंडाशी आतून खाच असते व तीत रबरी कडे बसवलेले असते. बाटली उलटी धरून भरली की वायूच्या दाबाने गोटी त्या कड्यावर घट्ट बसते. वेढा त्यापूर्वीच होऊन गेला होता. त्या काळी सोडा बुचाच्या बाटल्यांत मिळत असे. त्यातील अनेकींचा तळ निमुळता असे, जेणेकरून बाटली आडवी राहून बूच ओले राही.

मग बाटली किती जुनी? औषधाच्या बाटलीसाठी साच्याच्या सांध्याची रेषा उपयोगी पडते. हाताने फुंकलेल्या बाटलीचे तोंड नंतर निराळे घडवीत, म्हणून ही रेषा मानेतच विरते. यंत्राने बनवलेल्या बाटलीत ती तोंडाच्या कडेपर्यंत जाते. मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास तयार झाले. त्यानंतर काही दशके दोन्ही पद्धती चालू होत्या.

गोटीच्या बाटलीस मात्र हा नियम लावता येत नाही. गोटी आत टाकल्यावर काच तापलेली असतानाच तोंड आवळून घडवावे लागते. त्यामुळे सांध्याची रेषा तेथे पुसली जाते आणि तुलनेने नवी बाटलीही जुनी भासते. शिवाय अशा बाटल्यांचे उत्पादन उत्तर प्रदेशातील सासनी येथे एकविसाव्या शतकातही झालेले आहे.

रंगही एकट्याने निर्णायक नसतो. निळसर हिरवी छटा वाळूतील लोहामुळे येते व ती कोणत्याही काळात संभवते. लोहाचा रंग घालवण्यासाठी मँगनीज मिसळलेली रंगहीन काच उन्हात राहून जांभळट होते. ही पद्धत प्रामुख्याने पहिल्या महायुद्धापर्यंत प्रचलित होती. मात्र कृत्रिम किरणांनीही अशी छटा आणता येते. गडद, एकसारखा जांभळा रंग दिसल्यास संशय घ्यावा.

अखेर उठावाची अक्षरे पाहावीत. कॉड यांच्या पेटंटचा उल्लेख असल्यास बाटली १८७० पूर्वीची नाही, एवढेच सिद्ध होते. साचा पुढे अनेक वर्षे वापरलेला असू शकतो. सोडा कारखान्याचे नाव असल्यास ते जुन्या व्यापारी सूचीत शोधावे. कारखाना ज्या वर्षांत चालू होता, तीच बाटलीच्या वयाची सर्वांत भरवशाची मर्यादा होय.