पंधरावरून दहा

"सर, मागच्या शनिवारी पंधरा होते, आज दहा. मोबाइल काढून घेऊ का त्याचा?" आठवीतल्या एका मुलाची आई विचारत होती. मी मार्कांची वही तिच्यापुढे सरकवली. दर शनिवारी वीस मार्कांची गणिताची चाचणी असते. त्याच्या सात चाचण्यांचे मार्क असे होते: ११, १४, ९, १३, १२, १५, १०.

नुसतं बघितलं तर काहीच कळत नाही. एखादा धडा सोपा जातो, कधी रात्री झोप झालेली नसते, कधी वजाबाकीचं चिन्ह निसटतं. वीस मार्कांच्या पेपरात अशा किरकोळ गोष्टींनी दोन-तीन मार्क सहज इकडचे तिकडे होतात.

म्हणून मी सरकती सरासरी काढतो. पहिल्या चार आठवड्यांची बेरीज ४७, सरासरी ११.७५. पुढच्या शनिवारी सगळ्यात जुने ११ काढायचे, नवे १२ घ्यायचे. बेरीज ४८, सरासरी १२. त्यापुढे १२.२५. आणि ज्या आठवड्यानं आईची झोप उडवली, त्या आठवड्याची १२.५!

दहा मार्क पडूनही सरासरी चढली, कारण या दहाची तुलना आदल्या पंधराशी होत नाही. चौकटीतून बाहेर गेले ते ९, आत आले ते १०. पुढच्या तीन चाचण्यांत त्याला १६, १३, १६ पडले आणि सरासरी १३.७५ वर गेली. मोबाइल वाचला.

चारच आठवडे का? मार्कांची चढ-उतार निव्वळ योगायोगाची असेल, तर चारांच्या सरासरीत ती साधारण निम्मी होते. आठ घेतले तर रेघ आणखी गुळगुळीत होईल, पण बातमी उशिरा मिळेल. समजा, नेहमी १४ मिळवणारा मुलगा खरोखरच १० वर घसरला. चारांची सरासरी १३, १२, ११ अशी पायरी पायरीनं उतरत चौथ्या आठवड्यात दहावर पोचते. तोवर महिना गेलेला असतो. त्यामुळे सलग दोन शनिवार सरासरी उतरली की मी मुलाला बोलावून घेतो. मात्र आधी वर्गाची सरासरी बघतो. सगळा वर्गच घसरला असेल तर पेपर माझाच अवघड निघालेला असतो.

हे सगळं स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत होतं. मार्क B2 पासून खाली भरले असतील, तर B5 शेजारच्या चौकोनात हे लिहून खाली ओढायचं:

```
=AVERAGE(B2:B5)
```

फक्त मुलगा गैरहजर असेल तेव्हा तिथे शून्य टाकू नका, चौकोन रिकामा ठेवा. १५, १०, १६ नंतर शून्य टाकलं तर सरासरी १०.२५ दिसते, रिकामं ठेवलं तर १३.६७. आणि ते खोटं शून्य पुढचे तीन आठवडेही सरासरीत ठाण मांडून बसतं.